ऍबस्ट्रॅक्टमधून निसटलेलं वाक्य

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी सेकंड इयरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. इथे स्टेट कॉलेजमध्ये मराठी मुलं एकमेकांना शोधून काढतातच, आणि मग कुणाच्या तरी घरी चहा होतो. त्याच्या पर्यावरणशास्त्राच्या प्रोजेक्ट रिपोर्टला ऍबस्ट्रॅक्टसाठी दीडशे शब्दांची मर्यादा होती. एकशे एक्कावन्नावा शब्द टाकला की फॉर्म पुढेच जात नाही. त्याचे झाले होते अडीचशेच्या वर. "ताई, तू फक्त शंभर शब्द उडवून दे ना. इंग्लिश तर तुझं चांगलं आहे."

इंग्लिशचा प्रश्न नव्हता. "मोस्ट ऑफ द" काढून "मोस्ट" ठेवणं, "इन ऑर्डर टू" मधलं "टू" तेवढं राखणं, अशाने दहा-पंधरा शब्द सुटतात. शंभर शब्द सुटायचे तर कुठलं वाक्य जाणार हे ठरवावं लागतं. तिथे भाषा संपते आणि आपल्याला नक्की काय माहीत आहे हा प्रश्न सुरू होतो. त्याला हे सांगून पटेना, म्हणून मी एक जुना पेपर उघडला. पॉडकास्टवर त्याचा उल्लेख दोन-तीनदा झालाय, पण त्याचा ऍबस्ट्रॅक्ट आपण कधी नीट वाचला नाही. आज तेच करू या.

पेपर 1999 सालचा आहे, जिओफिजिकल रिसर्च लेटर्स या नियतकालिकातला, जेमतेम चार पानांचा. लेखक मायकेल मान, रेमंड ब्रॅडली आणि माल्कम ह्यूज. मान तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये होते. 2005 मध्ये ते आमच्या गावी, पेन स्टेटमध्ये आले आणि 2022 पर्यंत इथेच होते. (त्यानंतर ते फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. घरच्यांना ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत हे समजावण्यात माझी दोन वर्षं गेली आहेत.) उत्तर गोलार्धाच्या हजार वर्षांच्या तापमानाचा जो आलेख "हॉकी स्टिक" म्हणून गाजला, तो याच पेपरातला. दांडा लांब आणि किंचित खाली झुकलेला, शेवटी पातं एकदम वर. आलेखावर पुढे अमेरिकन काँग्रेसपर्यंत भांडणं गेली. त्या भांडणाचा मोठा भाग सांख्यिकी पद्धतीबद्दल होता, तो मी बाजूला ठेवते. मला फक्त त्याचा ऍबस्ट्रॅक्ट आणि शेवटचा परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहेत.

ऍबस्ट्रॅक्टमध्ये पाच वाक्यं आहेत, शंभराच्या आत शब्द. मी त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगते. पहिलं: आधीच्या अभ्यासांच्या पुढे जाऊन आम्ही अप्रत्यक्ष नोंदींवरून हजार वर्षांच्या गोलार्धीय तापमानाची पुनर्रचना करून पाहतो आहोत. दुसरं: आमचं लक्ष नुसत्या पुनर्रचनेवर नाही, तिच्यातल्या अनिश्चिततेवर आणि मर्यादांवरही आहे. तिसरं: 1400 च्या आधीच्या काळाबद्दल अनिश्चितता इतकी वाढते की ठाम काही म्हणता येत नाही, तरी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध निदान हजार वर्षांत वेगळा दिसतो. चौथं: 1990 चं दशक सर्वांत उष्ण आणि 1998 हे सर्वांत उष्ण वर्ष, हे आम्ही बऱ्यापैकी उच्च विश्वासाने म्हणतो. पाचवं: विसाव्या शतकातली ही वाढ हजार वर्षं चाललेल्या मंद थंडाव्याच्या उलट आहे, आणि तो थंडावा पृथ्वीच्या भ्रमणातल्या दीर्घकालीन बदलांशी जुळतो.

आधी जे चांगलं आहे ते. पाचपैकी एक अख्खं वाक्य मर्यादांना दिलंय, आणि तिसऱ्याचा अर्धा भागही. आपल्या रिपोर्टमध्ये शब्द कमी पडले की पहिली कुऱ्हाड याच भागावर पडते. शिवाय पेपरच्या शीर्षकात मुख्य विषयानंतर विरामचिन्ह देऊन अनुमानं, अनिश्चितता आणि मर्यादा हे तीन शब्द सरळ लिहिले आहेत. शीर्षकाचे शब्द ऍबस्ट्रॅक्टच्या मर्यादेत धरत नाहीत. तेव्हा जी मर्यादा सांगायलाच हवी पण आत मावत नाही, तिला शीर्षकात जागा मिळू शकते. मला हा उपाय पीएच.डी. च्या चौथ्या वर्षी कळला. त्याआधी मी शीर्षकं आकर्षक करायच्या मागे होते.

आता चौथं वाक्य. ते पुन्हा वाचा: दशक आणि वर्ष, दोन दावे, आणि दोघांना मिळून एकच विश्वासाचं लेबल. हे दोन दावे सारखे पक्के आहेत का? झाडांची वलयं, बर्फाचे गाभे, प्रवाळ यांच्यावरून तापमान काढतात तेव्हा एकेका वर्षातली चूक मोठी असते. पन्नास वर्षांची सरासरी घेतली की चुका काही प्रमाणात एकमेकांना खातात. दहा वर्षांची सरासरी कुठेतरी मधे. म्हणजे "विसाव्या शतकाचा उत्तरार्ध", "1990 चं दशक" आणि "1998" हे उतरत्या खात्रीचे तीन जिने आहेत. ऍबस्ट्रॅक्टमध्ये पहिल्या जिन्याला "असं दिसतं" असं जपून क्रियापद मिळालंय, आणि खालच्या दोन जिन्यांना मिळून ते एक लेबल. वाचणाऱ्याला वाटतं, वर्षाबद्दलसुद्धा तेवढीच खात्री.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे, पण विद्यार्थ्यांच्या रिपोर्टमध्ये मला ती सतत दिसते. या पेपरातल्या अप्रत्यक्ष नोंदी 1980 ला थांबतात. त्यांचा तापमानाशी मेळ 1902 ते 1980 या काळातल्या थर्मामीटरच्या नोंदींवरून बसवला आहे. 1990 चं दशक आणि 1998 हे आकडे थर्मामीटरचे. म्हणजे चौथ्या वाक्यात एका बाजूला थर्मामीटर आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडाचं वलय. अशी तुलना करता येते, पण तिला एक पायरी लागते: जुन्या काळाच्या अंदाजाचा त्रुटीसकट जो पट्टा आहे, त्याच्या वरच्या कडेशी आजचं मोजमाप ताडून पाहायचं. म्हणूनच 1400 पूर्वीबद्दल ठाम बोलता येत नसूनही "हजार वर्षांत वेगळं" असं म्हणायला वाव राहतो. चार पानांत ती पायरी आहे. ऍबस्ट्रॅक्टमध्ये ती नाही, त्यामुळे तिसरं वाक्य आपल्याच पायावर पाय देऊन उभं असल्यासारखं वाटतं: आधी म्हणतं ठाम काही सांगता येत नाही, आणि मग हजार वर्षांबद्दल सांगतं. आठ-दहा शब्द खर्चून "मोजलेलं" आणि "अंदाजलेलं" हे वेगळं करता आलं असतं. जागा होती. आज याच नियतकालिकाची मर्यादा दीडशे शब्दांची आहे, आणि हा ऍबस्ट्रॅक्ट शंभरातच संपतो.

आणि जागा होती तर एक आकडाही बसला असता. पाच वाक्यांत वर्षं आहेत, शतकं आहेत, पण अंशांत एकही तापमान नाही. किती उष्ण? सर्वांत उष्ण म्हणजे दुसऱ्या क्रमांकापेक्षा किती जास्त? त्रुटीचा पट्टा किती रुंद? "अनिश्चितता" हा शब्द तिथे आहे आणि तिचं माप नाही. मर्यादा मान्य करणं आणि मर्यादा मोजून सांगणं यांत फरक आहे, आणि वाचकाच्या कामाचं दुसरं असतं.

पण मला खरी गंमत वाटते ती शेवटचा परिच्छेद वाचल्यावर. कन्क्लूजनमध्ये लेखक सांगतात की सहस्रकाच्या सुरुवातीची उष्णता विसाव्या शतकाच्या सरासरीच्या जवळ जाते, तरीही शतकाचा शेवट वेगळा ठरतो. हे वाक्य ऍबस्ट्रॅक्टमध्ये नाही! "मध्ययुगात पण गरम होतंच की" असं म्हणणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हवं असतं नेमकं तेच. ते कुणी लपवलेलं नाही, पेपरात उघड छापलंय. पण ऍबस्ट्रॅक्ट हजार जण वाचतात आणि कन्क्लूजन पन्नास. जो फक्त ऍबस्ट्रॅक्ट वाचून निघून गेला, त्याला नंतर हे वाक्य दुसऱ्या कुणाकडून, तेही चिडक्या आवाजात ऐकायला मिळालं, तर त्याला फसवल्यासारखं वाटणार. माझ्या मते या ऍबस्ट्रॅक्टमधला सर्वांत मोठा दोष हा, आणि तो शब्दमर्यादेमुळे आलेला नाही.

शब्दांचंही पाहा. ऍबस्ट्रॅक्टमध्ये "बऱ्यापैकी उच्च विश्वास", कन्क्लूजनमध्ये त्याच दाव्याला "संभवतः" या अर्थाचा शब्द. हे दोन एकच आहेत का? पेपरात पक्की व्याख्या नाही. 2001 मध्ये आयपीसीसीच्या तिसऱ्या अहवालाने धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात हाच दावा घेतला, "संभाव्य" असं लेबल लावून. त्यांनी निदान त्या शब्दाला आकडा दिला होता: 66 ते 90 टक्के शक्यता. पण दशक आणि वर्ष तिथेही एकाच लेबलखाली राहिले. चार पानांतून सारांशात, सारांशातून दुसऱ्या सारांशात आणि तिथून वर्तमानपत्रात, असा वाक्याचा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर शब्दमर्यादा असते, आणि प्रत्येक टप्प्यावर आधी विशेषणं गळतात.

2006 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने, जेराल्ड नॉर्थ यांच्या अध्यक्षतेखाली, हे सगळं पुन्हा तपासलं. त्यांचा निष्कर्ष मला लेखनाचा धडा म्हणूनही आवडतो, कारण त्यांनी एकच गोळा दावा तोडून त्याचे तुकडे केले. विसाव्या शतकाची शेवटची काही दशकं मागच्या चारशे वर्षांतल्या कुठल्याही तेवढ्याच कालखंडापेक्षा उष्ण होती, याबद्दल उच्च विश्वास. सन 900 ते 1600 बद्दल कमी विश्वास. 900 च्या आधीबद्दल फारच थोडा. शतकाचा उत्तरार्ध हजार वर्षांत वेगळा असणं पटण्यासारखं. आणि 1990 चं दशक व 1998 हे वर्ष यांच्याबद्दलच्या मूळ दाव्यावर त्याहूनही कमी विश्वास, कारण एकेका वर्षाची आणि दशकाची अनिश्चितता लांब काळापेक्षा मोठी असते. म्हणजे तेच उतरते जिने. समितीने पेपरचा मुख्य दावा खोडला नाही, उलट इतर पुराव्यांचा त्याला आधार आहे असं म्हटलं. पुढच्या काळात इतर गटांनी केलेल्या पुनर्रचनाही त्याच दिशेला गेल्या. ज्या वाक्याला समितीने सर्वांत कमी गुण दिले ते वाक्य मात्र पेपरमध्ये सर्वांत जास्त लक्षात राहणारं होतं.

इतकं ऐकल्यावर आमचा मुलगा म्हणाला, "पण माझ्या रिपोर्टवर कोण काँग्रेसमध्ये भांडणार आहे?" खरंय. पण त्याच्या ऍबस्ट्रॅक्टमध्ये हाच दोष होता, फक्त छोट्या प्रमाणावर. ते दाखवण्यासाठी मी एक सरावाचा ऍबस्ट्रॅक्ट बनवलाय. विषय त्याच्यासारखाच, पण आकडे सगळे माझ्या मनचे आहेत. त्याची खरी मोजमापं त्याच्या रिपोर्टमध्येच राहू देत. ओढा शेतांच्या पट्ट्यातून वाहतो, पट्ट्याच्या वर आणि खाली नायट्रेट मोजलंय. पहिला मसुदा साधारण असा असतो:

"पाणी हा सजीवसृष्टीचा आधार आहे. वाढती शेती आणि शहरीकरण यांमुळे जगभरातल्या नद्या प्रदूषित होत आहेत. नायट्रेट हा महत्त्वाचा प्रदूषक असून त्यामुळे शैवाल वाढतं व पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. या प्रकल्पात स्थानिक ओढ्याच्या पाण्याचा अभ्यास करण्यात आला. दोन ठिकाणांहून नमुने गोळा करून त्यांचं विश्लेषण करण्यात आलं. खालच्या ठिकाणी नायट्रेटचं प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त असल्याचं दिसून आलं. शेतीमुळे ओढ्याचं प्रदूषण होत असल्याचं यातून सिद्ध होतं. याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे."

महाराष्ट्रात ज्यांनी कॉलेजात पर्यावरणाचा सक्तीचा प्रोजेक्ट लिहिलाय, त्यांना हा सूर ओळखू येईल. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर हा विषय सगळ्या शाखांना आला, आणि त्याबरोबर "पर्यावरण वाचवणं ही काळाची गरज आहे" हे शेवटचं वाक्यही. माझ्या वर्गात गावतळ्यापासून ध्वनिप्रदूषणापर्यंत सगळ्या जर्नल्सचा शेवट तोच होता. परदेशात आलं की तेच वाक्य "फर्दर रिसर्च इज नीडेड" असा कोट घालून येतं.

पहिली तीन वाक्यं जगातल्या कुठल्याही ओढ्याला चालतील. ती जाऊ देत, प्रस्तावनेत त्यांची जागा आहे. चौथं आणि पाचवं वाक्य मिळून एवढंच सांगतात की अभ्यास केला. किती नमुने, कोणत्या महिन्यांत, हे नाही. सहाव्यात "लक्षणीयरीत्या" आहे. बोलताना या शब्दाचा अर्थ "चांगलंच" असा होतो, सांख्यिकीत तो एका चाचणीचा निकाल असतो. इथे कुठला? आकडा द्या, मग विशेषण लागत नाही.

नायट्रेटच्या आकड्यात एक खास मराठी सापळाही आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा 10 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पण ती नायट्रेटमधल्या नायट्रोजनच्या वजनावर. भारतीय मानकात 45 आहे, आणि ती अख्ख्या नायट्रेटच्या वजनावर. नायट्रेटचं रेणुभार 62 आणि त्यातल्या नायट्रोजनचं 14, म्हणजे साधारण साडेचार पट. दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच आहेत! पण ऍबस्ट्रॅक्टमध्ये नुसतं "नायट्रेट 12" लिहिलंत, तर इथला वाचक दचकेल आणि पुण्यातला निवांत राहील. शब्द वाचवायचे म्हणून "नायट्रेट-नायट्रोजन" चं "नायट्रेट" करणारी मुलं मी पाहिली आहेत. हा एक शब्द कापायचा नाही.

सातवं वाक्य म्हणजे 1998 चं वाक्य. "सिद्ध होतं." खाली जास्त आहे हे मोजलंय; शेतीमुळे आहे हा अंदाज आहे. आणि आमच्या खोऱ्यात हा अंदाज विशेष कच्चा आहे, कारण इथली जमीन चुनखडीची. पाणी भेगांतून, खड्ड्यांतून जमिनीत शिरतं, आत कुठल्याकुठे वाहतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं. आमच्या जवळच्या ओढ्याचं नावच स्प्रिंग क्रीक आहे. दोन ठिकाणांच्या मधे एखादा झरा ओढ्याला मिळत असेल, तर त्याचं पाणी कदाचित टेकडीपलीकडच्या शेतातून किंवा कुणाच्या सेप्टिक टँकवरून आलेलं असेल. नकाशावर मधे शेतं दिसतात म्हणून वाढ शेतांतून, असं चुनखडीच्या खोऱ्यात म्हणता येत नाही. बेसॉल्टच्या दख्खनमधून आलेल्या आपल्या डोक्यात हे पटकन येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

दुसरा मसुदा असा झाला:

"शेतांच्या पट्ट्यातून जाताना ओढ्यातलं नायट्रेट वाढतं का, हे पाहण्यासाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पट्ट्याच्या वर आणि खाली आठवड्यातून एकदा, असे 10 वेळा नमुने घेतले. नायट्रेट-नायट्रोजनची सरासरी वर 2.1 आणि खाली 4.6 मिलिग्रॅम प्रति लिटर होती, दहाही वेळा खालचं प्रमाण जास्त होतं (फरक 1.4 ते 3.3). एकाही नमुन्याने पिण्याच्या पाण्याची 10 ची मर्यादा ओलांडली नाही. दोन ठिकाणांच्या मधे चुनखडीतला एक झरा ओढ्याला मिळतो आणि त्याचं पाणी वेगळं मोजलेलं नाही; त्यामुळे ही वाढ लगतच्या शेतांतून आली की झऱ्यातून, हे या नमुन्यांवरून ठरत नाही. हिवाळा आणि वसंत यांत नाहीत."

हे मराठीत ऐंशीच्या आसपास शब्द आहेत. इंग्लिशमध्ये याचे बरेच जास्त होतात, कारण आपल्या विभक्ती शब्दाला चिकटतात: "पट्ट्यातून" या एका शब्दाला तिकडे तीन-चार लागतात. म्हणून आधी मराठीत लिहून मग भाषांतर करणाऱ्यांनी मर्यादेच्या निम्म्यातच थांबावं. दीडशेत हे आरामात बसलं.

"दहाही वेळा" हे दोन शब्द माझ्या लाडाचे आहेत. दोन सरासऱ्या दिल्या की वाचक विचारतो, एखाद्या विचित्र दिवसाने तर वर ओढली नाही ना? जोडीजोडीने तुलना केली की ती शंका मिटते. वर-खाली काहीच फरक नसता, तर दहाही वेळा खालचंच जास्त येण्याची शक्यता 1024 मध्ये एक. अर्थात लागोपाठच्या आठवड्यांचे नमुने एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून तो आकडा मी ऍबस्ट्रॅक्टमध्ये घालणार नाही. मुख्य भागात त्या अटीसकट घालीन.

कन्क्लूजन लिहिताना मुलं ऍबस्ट्रॅक्टच भूतकाळात पुन्हा लिहितात. मग दोन्हीकडे तेच, आणि शब्दमर्यादा दोनदा वाया. ऍबस्ट्रॅक्ट वाचणाऱ्याने रिपोर्ट वाचलेला नसतो. कन्क्लूजनपर्यंत आलेल्याने तक्ते पाहिलेत, झऱ्याचा नकाशा पाहिलाय. त्याला सरासरी पुन्हा नको. पहिल्या पानावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हवं, ते कुठपर्यंत लागू आहे ते हवं, आणि काय मोजलं असता हे उत्तर बदलेल ते हवं. सरावाच्या उदाहरणात समजा, दहापैकी दोन दिवस पावसानंतरचे होते आणि त्या दिवशी फरक सर्वांत कमी होता. मग कन्क्लूजन असं होतं:

"या पट्ट्यात नायट्रेट वाढतं, निदान शरदातल्या कोरड्या दिवसांत. पावसानंतर फरक घटला, त्यावरून वाढ वाहून येणाऱ्या पाण्यापेक्षा भूजलातून होत असावी असं वाटतं. पण हे दोनच दिवसांवर आधारलेलं आहे. झऱ्याच्या तोंडाशी आणि ओढ्यात त्याच्या लगेच वर, प्रमाण व प्रवाह दोन्ही मोजले, तर झऱ्यातून दर सेकंदाला किती नायट्रोजन येतो ते कळेल. एकूण वाढीचा बहुतेक भाग त्यातच आला, तर लगतच्या शेतांकडे बोट दाखवता येणार नाही."

इथे "प्रवाह" शब्द महत्त्वाचा. नुसतं प्रमाण मोजून भागत नाही. झरा किती मोठा आहे हे कळल्याशिवाय त्याचा वाटा निघत नाही. "अधिक संशोधनाची गरज" या तीन शब्दांऐवजी हे तीसेक शब्द लागले, पण पुढच्या वर्षीचा विद्यार्थी बाटली आणि प्रवाहमापक घेऊन नेमक्या कुठल्या दगडावर उभा राहणार हे त्यात आहे. मान आणि सहकाऱ्यांच्या कन्क्लूजनचं शेवटचं वाक्यही याच जातीचं आहे: अधिक विश्वासाने बोलायचं तर सहस्रकाच्या पातळीवरचे चढउतार टिपणाऱ्या, जास्त विस्तृत प्रदेशातल्या, बारीक कालमापाच्या नोंदी लागतील, असं ते सांगतात. कोणत्या प्रकारचा डेटा हवा, हे तरी कळतं.

एक तपासणी मी आता प्रत्येक रिपोर्टला करते, माझ्या स्वतःच्याही. कन्क्लूजन छापून घेते आणि त्यातलं माझ्या दाव्याला सर्वांत जड जाणारं वाक्य शोधते. मग ते ऍबस्ट्रॅक्टमध्ये आहे का पाहते. गेल्या वर्षी माझ्या एका मसुद्यात ते नव्हतं, आणि परीक्षकाच्या आधी मला सापडलं याचं कारण एवढंच की परीक्षकाला उशीर झाला.

रात्री साडेदहाला मुलाचा ऍबस्ट्रॅक्ट एकशे त्रेपन्नवर अडला. शैवालाचं वाक्य त्याला फार प्रिय होतं, ते आधीच प्रस्तावनेत गेलं होतं. आता तो झऱ्याच्या वाक्यावर कर्सर नेऊन थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग त्याने ऋतूचं वाक्य उचललं, त्याचे शब्द शीर्षकाच्या शेवटी नेऊन ठेवले, आणि फॉर्म पुढे गेला.